तिसरा रकाना

कलेच्या इतिहासावरचा एखादा अभ्यासलेख हातात दिला की पदवीच्या वर्गातली बहुतेक मुले दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण पहिल्या ओळीपासून कादंबरीसारखे वाचायला लागतात आणि चौथ्या पानावर, तळटिपांच्या जंगलात, बसकण मारतात. बाकीचे पिवळी पेन्सिल घेऊन निम्मा लेख रंगवतात. दोघांच्याही वहीत शेवटी उरते ते एकच: "कुत्रा म्हणजे निष्ठा, मेणबत्ती म्हणजे देवाचा डोळा." परीक्षेत तेच उतरते, पुढे ती मुले शिक्षक झाली की फळ्यावरही तेच उतरते.

भराभर वाचण्याला माझा विरोध मुळीच नाही. अकरा पानांचा लेख चाळीस मिनिटांत वाचून होतो आणि व्हायलाच हवा, कारण आठवड्याला असे तीन-चार वाचायचे असतात. माझे म्हणणे एवढेच, की टिपण काढताना आपण वहीचे दोन रकाने करतो, 'लेखक काय म्हणतो' आणि 'पुरावा', ते पुरत नाहीत. तीन हवेत. का, ते एका खऱ्या लेखावरूनच सांगतो.

एर्विन पॅनोफ्स्कीचा लेख घेऊ. यान फान आइकच्या 'आर्नोल्फिनी' चित्रावरचा हा लेख 'बर्लिंग्टन मॅगझिन'च्या मार्च १९३४च्या अंकात आला. चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत १८४२पासून आहे, ८२ सेंटिमीटर उंच आणि ६० सेंटिमीटर रुंद, म्हणजे आपल्या देवघरातल्या मोठ्या तसबिरीएवढे. खोलीत एक पुरुष आणि एक स्त्री उभी आहे, त्याच्या डाव्या हातात तिचा उजवा हात आहे आणि त्याचा उजवा हात वर उचललेला आहे. पायांपाशी कुत्रा, काढून ठेवलेली लाकडी पादत्राणे, वर झुंबर, मागे बहिर्गोल आरसा.

पहिली पाच मिनिटे लेखाला हात लावायचा नाही. चित्राकडे बघायचे आणि दिसते ते चार ओळींत लिहायचे, अर्थ न लावता. 'झुंबरात एकच मेणबत्ती पेटलेली आहे आणि खिडकीतून दिवसाचा उजेड येतो आहे', इथेच थांबायचे. लेख वाचून झाल्यावर चित्र लेखकाच्या डोळ्यांनीच दिसायला लागते. मग आपले स्वतःचे पाहणे परत मिळत नाही.

पुढची दहा मिनिटे मुख्य विधान शोधण्यासाठी. आजकालच्या लेखांना वर सारांश असतो आणि विधान बहुधा पहिल्या दोन पानांत सापडते. जुन्या लेखांत तसे नसते. पॅनोफ्स्की सुरुवात करतो ती एका वादाने: लुई दिमिए नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने शंका घेतली होती, की जुन्या नोंदींत ज्या चित्राचा उल्लेख येतो ते हेच चित्र कशावरून? त्या शंकेचे खंडन चालू असताना घाईत वाचणारा मुलगा दिमिएचेच मत लेखकाचे म्हणून उतरवून घेतो. ही चूक ओळखायची खूण सोपी आहे. परिच्छेदात दुसऱ्या अभ्यासकाचे नाव आले आणि पाठोपाठ 'हाउएव्हर' किंवा 'बट' आले, की समजावे, आधीचे दुसऱ्याचे, नंतरचे लेखकाचे. यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे पहिले आणि शेवटचे वाक्य वाचत जायचे. विधान सापडले की ते आपल्या भाषेत, एका वाक्यात लिहायचे. या लेखाचे ते साधारण असे होईल: 'हे नुसते जोडप्याचे चित्र नाही, १४३४ साली झालेल्या विवाहाचा तो चित्रात काढलेला दाखला आहे आणि चित्रकार त्याचा साक्षीदार आहे.' एका वाक्यात बसत नसेल तर विधान अजून कळलेले नाही असे समजून मागे जावे.

उरलेल्या वेळात पुरावे, आणि इथे ते तीन रकाने आखायचे. पहिल्यात चित्रात काय दिसते ते. दुसऱ्यात लेखक त्याचा काय अर्थ लावतो ते. मधल्या, म्हणजे तिसऱ्या रकान्याला मी 'साकव' म्हणतो. दिसण्याच्या काठावरून अर्थाच्या काठावर लेखक कशावरून गेला? एखादा कागद, कायदा, त्या काळचा ग्रंथ, दुसरे चित्र? की साकव नाहीच आणि त्याने सरळ उडी मारली आहे?

भरून बघू. दिसते ते: आरशाच्या वर भिंतीवर वळणदार अक्षरांत 'योहानेस दे आइक फुइत हिक', म्हणजे 'यान फान आइक इथे होता', आणि खाली १४३४. अर्थ: ही साक्षीदाराची सही. साकव: असे वळणदार अक्षर कायदेशीर कागदांवर वापरत आणि शब्दही नुसते 'याने काढले' असे नाहीत. साकव बरा आहे.

दुसरे: हातात हात आणि वर उचललेला हात. अर्थ: विवाहाची शपथ. साकव: चर्चचा कायदा. १५६३ साली ट्रेंटच्या धर्मसभेने नियम कडक करीपर्यंत वधूवरांच्या परस्परसंमतीने, पाद्रीशिवायही, विवाह वैध होत असे. पाद्री नसलेल्या खोलीत लग्न कसे, या प्रश्नाला त्यामुळे उत्तर मिळते. पण एवढे ध्यानात घ्या, की कायदा असे लग्न 'होऊ शकते' एवढेच सांगतो. या खोलीत ते 'झाले' असे सांगत नाही. टिपणात हा फरक नोंदवायलाच हवा.

तिसरे: कुत्रा, मेणबत्ती, पादत्राणे. अर्थ: निष्ठा, सर्वसाक्षी ईश्वर, पवित्र भूमी. साकव: त्या काळच्या धार्मिक आणि प्रतीकात्मक परंपरेत या वस्तूंना असे अर्थ होते. पॅनोफ्स्की याला छुपी प्रतीके म्हणतो, साध्या घरगुती वस्तूंच्या वेशातली. पण प्रतीक जर इतके छुपे असेल, तर छुपे प्रतीक आणि नुसता पाळलेला कुत्रा यांतला फरक सांगायचा कसा? हा साकव डगमगता आहे. माझ्या वहीत अशा ठिकाणी प्रश्नचिन्ह पडते.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक मोह होतो, तोही सांगतो. गोव्यात लग्न म्हणजे नोंदणी कार्यालयात सह्या आणि साक्षीदार हे आपल्याला घरोघरी ठाऊक, त्यामुळे 'चित्रकार साक्षीदार' ही कल्पना आपल्याला पटकन पटते. पटते म्हणून ती सिद्ध होत नाही. असा स्वतःचा विचार समासात, आपले नाव घालून लिहावा. लेखकाच्या रकान्यात तो घुसता कामा नये.

आता या खटाटोपाचा फायदा. १९९० साली जाक पाविओ याने एक कागद पुढे आणला. ज्या जोव्हान्नी दी आर्रिगो आर्नोल्फिनीला चित्रातला वर मानत होते, त्याचा जोव्हान्ना चेनामीशी विवाह १४४७ साली झाल्याचे त्यातून दिसले. म्हणजे चित्रानंतर तेरा वर्षांनी आणि फान आइक १४४१ साली वारल्यानंतर सहा वर्षांनी! दोन रकान्यांची वही असलेला विद्यार्थी इथे एक तर अख्खा लेख खोडून टाकतो, नाही तर काहीच बदलत नाही. तीन रकान्यांची वही मात्र नेमके सांगते की कुठला साकव वाहून गेला. माणसे कोण, हा. सही भिंतीवर आहे तशीच आहे आणि कायद्याचा मुद्दाही जागच्या जागी आहे.

पुढे एडविन हॉलने १९९४च्या पुस्तकात मांडले की हा विवाह नव्हे, वाङ्‌निश्चय आहे. त्याचा वाद हातांच्या खुणेबद्दल, म्हणजे दुसऱ्या ओळीतल्या साकवाबद्दल. नॅशनल गॅलरीने अवरक्त किरणांनी केलेली तपासणी १९९५ साली प्रसिद्ध झाली. तीत दिसले की कुत्रा, झुंबर, पादत्राणे रंगाखालच्या मूळ रेखाटनात नाहीत, ती रंगवताना आली. सगळी प्रतीकयोजना आधीपासून ठरलेली होती असे मानणाऱ्याला हे अडचणीचे आहे. पण नंतर सुचलेली वस्तू प्रतीक असूच शकत नाही, असेही त्यातून निघत नाही. लॉर्न कॅम्पबेलने १९९८च्या सूचीत विवाहाची कल्पनाच नाकारली आणि पुरुष बहुधा त्या जोव्हान्नीचा चुलतभाऊ जोव्हान्नी दी निकोलाओ असावा असे म्हटले. मार्गारेट कॉस्टरने २००३ साली सुचवले की त्याच्या शेजारची स्त्री म्हणजे चित्राच्या आधीच वारलेली त्याची पत्नी. का? तर तिच्या बाजूच्या झुंबराच्या खोबणीत जळून संपलेल्या मेणबत्तीचे मेण आहे. मेणबत्ती तीच. पॅनोफ्स्कीला ती ईश्वर दिसली, कॉस्टरला जिवंत पती आणि विझलेली पत्नी. पहिला रकाना साठ-सत्तर वर्षांत जवळपास बदलला नाही, फक्त कुणी जास्त बारकाईने पाहिले. बदलत गेला तो साकव.

या पद्धतीला मर्यादा आहे. पॅनोफ्स्कीसारखा लेख रकान्यांत नीट बसतो, कारण तो वकिलासारखा पुरावे मांडतो. शैलीच्या तुलनेवर उभा असलेला लेख, 'हे अमुक चित्रकाराच्या हातचे' असे म्हणणारा, तसा बसत नाही. तिथे साकव म्हणजे लेखकाची नजर, आणि ती तपासायची तर शेजारी छापलेली दोन्ही चित्रे आपणच न्याहाळावी लागतात. तो लेख चाळीस मिनिटांत होत नाही, तासभर द्यावा.

म्हणून "कुत्रा म्हणजे निष्ठा" असे लिहिणाऱ्या मुलाचे गुण कापावेत असे मला वाटत नाही, पण त्याला एक प्रश्न जरूर विचारावा: कुणाच्या मते, आणि कशावरून? या दोन प्रश्नांची उत्तरे वहीत असली तर लेख वाचून झाला. नसली, तर सगळी अकरा पाने पिवळी झाली तरी तो वाचायचाच राहिला.