‘राहू द्या. मी करतो.’



बँकेच्या नोकरीत पत्राचा मसुदा वरिष्ठांच्या नजरेखालून गेल्याशिवाय कचेरीबाहेर पडत नसे. निवृत्तीनंतर मी एका व्यापारी पेढीत आठवड्यातून तीन दिवस हिशेबाचे काम पाहू लागलो. तेथे पेढीच्या व्हॉट्सॲप गटावर माझी दहा-पंधरा वाक्ये रोज कोणाच्याही नजरेखालून न जाता बाहेर पडू लागली. त्यांतल्या चार शब्दांनी एका सहकारी भगिनीचे मन दुखावले. ते निस्तरताना मला जे उमगले, ते आज सांगतो.

महिन्याची १८ तारीख होती. २० तारखेच्या आत जीएसटीआर-३बी भरावयाचे होते आणि खरेदीची बिले जीएसटीआर-२बीशी पडताळून पाहण्याचे काम या ताईंकडे होते. मुलाला ताप असल्याने त्या त्या दिवशी लवकर घरी गेल्या होत्या. रात्री पावणेदहाला त्यांनी गटावर लिहिले, ‘दोन बिले जुळत नाहीत. परत बघते.’ आजारी मुलाच्या उशाशी बसून त्यांनी बिले शोधू नयेत, असे मला मनापासून वाटले. मी लिहिले, ‘राहू द्या. मी करतो.’ क्षणभराने त्यांचे उत्तर आले, ‘ठीक आहे सर.’

एरवी त्या मला ‘काका’ म्हणतात. तो ‘सर’ मला तेव्हाच खटकायला हवा होता, खटकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सर्व कागद नीट लावलेली धारिका माझ्या मेजावर होती आणि ताई नजर न उचलता आपल्या कामात होत्या. पुढील चार दिवसांत, जी गोष्ट त्या उठून येऊन विचारीत, ती लेखी विचारू लागल्या. चहाच्या वेळी पूर्वीसारखे बोलणे होईना. रागावलेला माणूस भांडतो, पण दुखावलेला माणूस अधिक नियमाने वागू लागतो, हे मी बँकेतही पाहिले होते.

मी तो मेसेज पुन्हा उघडून वाचला. आपल्या मराठीत ‘राहू द्या’ची दोन टोके आहेत. पाहुण्याने ताट उचलायला हात घातला की गृहिणी म्हणते, ‘राहू द्या हो’, आणि कारागिराकडून काम बिघडले की मालक म्हणतो, ‘राहू द्या!’ शब्द तेच. फरक पडतो तो त्या ‘हो’मुळे, स्वर लांबवल्यामुळे, पुढे केलेल्या हाताच्या तळव्यामुळे. आपली अदब बरीचशी ‘हो’, ‘ना’, ‘बरं का’ अशा चिमुकल्या अव्ययांत आणि संबोधनात राहते, आणि टंकताना नेमकी तीच आपण गाळतो. माझ्या मेसेजात ‘ताई’ नव्हते, कारण नव्हते, मुलाची चौकशीही नव्हती. होते ते दोन पूर्णविराम. शिवाय हे सारे पेढीतील अकरा जणांसमोर.

निस्तरण्याचा माझा पहिला प्रयत्न फसला. मेसेज दुरुस्त करण्याची मुदत पंधरा मिनिटांची. ती केव्हाच टळली होती. वेळीच पुसून टाकला असता, तरी पुसल्याची खूण मागे राहून गटात नवीच कुजबुज झाली असती. म्हणून मी ताईंना स्वतंत्रपणे लिहिले, ‘तुमचा गैरसमज झाला आहे. माझा तसा हेतू नव्हता.’ दोन निळ्या खुणा उमटल्या, उत्तर आले नाही. का आले नाही, हे पुढे कळले. ‘तुमचा गैरसमज’ म्हटले की चूक वाचणाऱ्याच्या खात्यावर नावे पडते आणि लिहिणारा मोकळा होतो. ‘वाईट वाटले असल्यास क्षमस्व’ हेही मी लिहिणार होतो. संवत्सरीला आपण ‘कळत-नकळत मन दुखावले असल्यास’ म्हणतो, ते वर्षभरातील न आठवणाऱ्या चुकांसाठी योग्यच आहे. येथे चूक एकच होती, तिची तारीख आणि वेळही पडद्यावर होती. तिला ‘असल्यास’ लावणे म्हणजे तिच्याविषयी शंका घेणे झाले असते.

आणखी एक मेसेज लिहिण्याचा मोह आवरून मी दोन दिवसांनी समोरासमोर बोललो. त्यांना माझ्या खोलीत बोलावले नाही. कचेरीत खोलीत बोलावणे हीच समज वाटते. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे बाहेर असताना त्यांच्या मेजाशी खुर्ची ओढून बसलो. स्वतःची बाजू मांडण्याआधी विचारले, ‘ताई, त्या रात्रीचा माझा मेसेज तुम्ही कसा वाचलात?’

थोडा वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘काका, मागच्या महिन्यात मी केलेला तक्ता तुम्ही मला न सांगता पुन्हा नव्याने केलात. शेठजींनी सर्वांसमोर विचारले, हा कोणी केला? तुम्ही म्हणालात, मी. मला वाटले, आता हेही काम काढून घेतले.’

मला तो तक्ता आठवत होता, हा प्रसंग मात्र आठवत नव्हता. त्यांनी मेसेजातले चार शब्द वाचले नव्हते. मागच्या महिन्याच्या हिशेबात धरून वाचले होते, आणि तो हिशेब खरा होता. मी म्हणालो, ‘मुलाला ताप होता म्हणून लिहिले, हे खरे. पण बारा आणे काळजी होती आणि चार आणे माझी घाई. दुसऱ्याचे काम ओढून घेण्याची मला खोड आहे. तक्त्याच्या वेळी मी चुकलो. आणि मेसेज सर्वांसमोर तसा तुटक लिहिला, तेही चुकले.’ एवढेच बोललो. हेतू किती चांगला होता, याचे पारायण केले असते तर त्यांना उलट माझीच समजूत घालावी लागली असती.

तेव्हाच त्यांनी धारिकेतील एक चिठ्ठी दाखवली. मी कागद उलटताना ती पाहिलीच नव्हती. पुरवठादाराने आपले विवरण ११ तारीख उलटल्यावर भरले होते, म्हणून ती दोन बिले १४ तारखेच्या जीएसटीआर-२बीमध्ये न येता पुढील महिन्यात येणार होती. हे त्यांनी त्याच रात्री अकराला शोधून ठेवले होते. मीही त्याच बिलांवर मध्यरात्रीपर्यंत बसलो होतो. एक सरळ वाक्य लिहिले असते, तर दोघेही वेळेवर झोपलो असतो.

जे गटासमोर घडले, ते गटासमोरच दुरुस्त करणे भाग होते. काय लिहिणार ते मी आधी ताईंना दाखवले. मुलाच्या तापाचा उल्लेख त्यांनी काढायला सांगितला, तो काढला. घरची गोष्ट माझ्या सफाईसाठी वापरण्याचा मला अधिकार नव्हता. मग लिहिले, ‘१८ तारखेला मी ताईंना तुटकपणे लिहिले, ते योग्य झाले नाही. त्या दोन बिलांचे कारण ताईंनी त्याच रात्री शोधले होते. २बीचे काम त्यांच्याकडेच आहे. बिलांबाबत त्यांनाच विचारावे.’ शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची होती. काम परत दिले नसते, तर आधीची दोन वाक्ये नुसती शिष्टाचाराची राहिली असती.

लगेच सारे पूर्ववत झाले, असे नाही. काही दिवस गटावर ‘सर’ आणि मेजाशी ‘काका’ असे चालू होते. मी पुन्हा विषय काढला नाही. एकदा मिटवलेले खाते रोज उघडून पाहू नये, हा बँकेचा शहाणपणा येथे उपयोगी पडला.

पुढील महिन्याच्या १८ तारखेला रात्री गटावर ताईंचा मेसेज आला, ‘काका, एक बिल राहिले आहे. राहू द्या, मी करते.’ मी तो दोनदा वाचला, आणि मग त्यांना फोन लावला.