शूटर गेममधलं मेडकिट गेलं कुठे?

१९९३ च्या 'डूम'मध्ये जखमी झालात की मेडकिट शोधावं लागायचं. एक मेडकिट उचललं की २५ हेल्थ मिळायची. २००३ च्या पहिल्या 'कॉल ऑफ ड्यूटी'तही मेडकिट होतं. २००५ च्या दुसऱ्या भागात ते गायबच झालं! आडोशाला थांबा, काही सेकंदांत हेल्थ आपोआप भरते.

हा बदल का केला? समजा, पुढच्या खोलीत सहा शत्रू आहेत. एक खेळाडू तिथे १०० हेल्थ घेऊन पोहोचतो, दुसरा फक्त ८ घेऊन. मग डिझायनरने ती लढाई कुणासाठी बेतायची? त्यात ८ हेल्थवर गेम सेव्ह झाला आणि जवळपास मेडकिट नसेल, तर खेळाडू तिथेच अडकला. हेल्थ आपोआप भरली की प्रत्येक लढाई १०० पासून सुरू होते, असं डिझायनर धरून चालू शकतो.

२००१ च्या 'हेलो'ने मधला मार्ग काढला होता. शील्ड आपोआप भरायची, पण तिच्याखालच्या हेल्थसाठी मेडकिटच लागायचं. शील्ड भरण्याआधी पुन्हा गोळी लागली, की थांबायची वेळ नव्याने मोजली जायची.

तोटा एकच: खेळाडू भिंतीमागे नुसता बसून राहतो. म्हणून २०१६ च्या 'डूम'ने उलटं केलं. जखमी शत्रूला जवळ जाऊन संपवलं की हेल्थ मिळते.

'बीजीएमआय'च्या बॅटल रॉयलमध्ये मात्र मेडकिट टिकून आहे, कारण तिथे सामान शोधणं हाच खेळाचा अर्धा भाग आहे.