फिशपाँड नको, पुरस्कार द्या!

कॉलेजच्या गॅदरिंगमधले फिशपाँड ज्यांनी ऐकलेत (आणि झेललेत), त्यांना वेगळं सांगायला नको. चार-पाच दिवस एक खोका ठेवलेला, त्यात निनावी चिठ्ठ्या, एखाद्या गाण्याची ओळ आणि पुढे कुणाचं तरी नाव. कमिटी चिठ्ठ्या चाळते, निवेदक वाचतो, हॉल हसतो. गंमत असते, नाही कशाला म्हणू? पण लिहिणाऱ्याला चेहरा नसतो आणि ज्याच्यावर लिहिलंय त्याला उत्तर द्यायची सोय नसते. म्हणून कुणाचा रंग, कुणाची उंची, कुणाचं तोतरं बोलणं खुशाल खोक्यात जातं.

आमची खामगाव-शेगावकडची आठ जणांची टोळी दिवाळीत जमते, तेव्हा आम्ही फिशपाँड नाही, पुरस्कार देतो. माझं मत असं, की हा नुसता नावाचा फरक नाही. पुरस्कार देणारा समोर उभा असतो, शेवटचा शब्द घेणाऱ्याचा असतो. आणि आठ माणसं तर पुरस्कारही आठच. निवेदकालाही एक, तो बाकीच्यांनी ठरवायचा. कुणी सुटत नाही म्हणून कुणी एकटा पडत नाही.

विभाग काढणं हेच खरं अवघड काम. 'सर्वात कंजूस', 'सर्वात आळशी' हे विभाग नव्हेत, त्या शिव्या झाल्या. विभाग सवयीचा हवा, आणि सवय अशी, की तो स्वतःच तिच्याबद्दल चारचौघांत फुशारकी मारतो. आमच्यातला एक हवामानाचे अंदाज सांगतो. त्याच्यासाठी विभाग निघाला 'भेंडवळ भाकीत सन्मान'. बाहेरच्यांसाठी सांगते: भेंडवळ आमच्या जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घटमांडणी होते, अठरा धान्यं गोलात मांडतात, मधे पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं आणि त्यांवर पाण्याची घागर. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पाहून पाऊसपाण्याचं भाकीत सांगतात.

निवेदक उभा राहिला आणि म्हणाला:

"मंडळी, भेंडवळले अठरा धान्यं लागतात, चार ढेकळं लागतात, अन् एक अख्खी रात्र लागते. आपल्या विजेत्याले फक्त एक कट चहा लागते. तोही दुसऱ्याच्या पैशाचा! जुलैमधी यानं आभाळाकडं पाह्यलं अन् म्हणला, 'आज काही येत नाही.' त्याच्या शब्दावर तीन जणांनी छत्र्या घरी ठेवल्या. ते तिघंही इथं बसले हायेत, अन् तिघंही आज छत्री घेऊन आले हायेत. दिवाळीत! सन्मानचिन्ह म्हणून एक ढेकूळ देत हाओ. पाण्यापासून दूर ठेवजो भाऊ, तुह्या भाकिताइतकंच टिकाऊ हाय."

विजेत्याने ढेकूळ उचललं, निरखून पाहिलं आणि म्हणाला, "हे सांगून राह्यलं का पुढच्या साली निवेदक बदलते." सगळ्यात मोठा हशा त्याला मिळाला. तो तसाच मिळायला हवा.

भाषणाची रचना बघा. आधी विभागाचा थाट, मग सगळ्यांनी पाहिलेला एकच प्रसंग, शेवटी चिन्ह. सगळं मिनिटभरात. अमेरिकेत १९९१ मध्ये इग नोबेल नावाचे विनोदी पुरस्कार सुरू झाले. तिथे विजेता लांबण लावू लागला की एक लहान मुलगी येऊन "थांबा, मला कंटाळा आला" म्हणत राहायची. आमच्याकडे ते काम एकाची भाची करते, फुकटात.

आता मुद्द्याचं. एका वर्षी 'पाच मिनिटात पोहोचतो जीवनगौरव' ठरला होता, कायम उशिरा येणाऱ्यासाठी. निवेदकाचा नियम असा, की विनोद लिहिण्याआधी त्या माणसाच्या घरी एक फोन करायचा. त्याने केला. कळलं, की मित्राच्या आईचं डायलिसिस सुरू आहे, तिला घरी सोडून तो येतो, आणि आमच्यापैकी कुणालाच त्याने सांगितलेलं नाही. विभाग त्याच रात्री रद्द झाला. मित्राला 'अंताक्षरीत एकच गाणं चार वेळा' हा पुरस्कार मिळाला. पुढच्या आठवड्यापासून दवाखान्यात आळीपाळीने कुणी ना कुणी जाऊ लागलं. फिशपाँडच्या खोक्यात हा फोन नसतो.

एवढं करूनही कधी बाण चुकतोच. तो ओळखायची खूण सांगते. लोक हसायच्या आधी विजेत्याच्या तोंडाकडे बघतात, आणि विजेता सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसत राहतो. तसं दिसलं, की निवेदकाने समजावत बसू नये. पुढचा पुरस्कार सरळ स्वतःला द्यावा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी चहाला जावं.

असो. यंदा मला 'फोन ठेवते म्हणून पाऊण तास' मिळालाय. त्यावरचं उत्तर अजून संपलेलं नाही.