गाय दिसते, पण ती उठणार आहे का?

परदेशातले विनाचालक टॅक्सीचे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. स्टिअरिंग आपोआप फिरतंय आणि मागे बसलेले लोक निवांत मोबाइल बघतायत. मग मनात येतं, ही गाडी आपल्या कोहक्याहून सुपेल्याकडे संध्याकाळी सात वाजता निघाली तर?

आपल्याला वाटतं, बिचारीला एवढी गर्दी दिसणारच नाही. खरं तर दिसणं हा त्यातला सोपा भाग आहे. कॅमेरा, रडार आणि लेझर किरणांनी अंतर मोजणारं लायडार मिळून माणसापेक्षा जास्त पाहतात. अडचण पुढे सुरू होते. जे दिसलं ते काय आहे आणि ते आता काय करणार, हे गाडीला ठरवावं लागतं.

'काय आहे' हे ती हजारो फोटोंवरून शिकते. या कामासाठी जगभर वापरला जाणारा 'सिटीस्केप्स' हा फोटोसंग्रह मुख्यतः जर्मनीतल्या शहरांचा आहे. तिथे ऑटोरिक्षा कुठून येणार? म्हणून हैदराबादच्या ट्रिपल आयटीतल्या संशोधकांनी आपल्या रस्त्यांचे सुमारे दहा हजार फोटो घेऊन वेगळा संग्रह तयार केला. त्यात ऑटोरिक्षा आणि जनावर यांना स्वतंत्र नावं आहेत. नावाचा प्रश्न असा बराचसा सुटतो.

पण नाव चुकलं तर अंदाजही चुकतो. १८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतल्या टेम्पी शहरात एक बाई हातात सायकल धरून रस्ता ओलांडत होती. तिथे झेब्रा क्रॉसिंग नव्हतं. उबरच्या चाचणीच्या गाडीला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधीच 'दिसली' होती. गाडीने तिला आधी वाहन मानलं, मग 'इतर काहीतरी', मग सायकल. दर वेळी नाव बदललं की ती आतापर्यंत कुठून कुठे सरकली ही नोंद पुसली जायची आणि अंदाज पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. क्रॉसिंग सोडून माणूस रस्त्यात येईल, हा विचार त्या प्रणालीत नव्हताच. टक्कर होणार हे तिला कळलं तेव्हा १.२ सेकंद उरले होते. लक्ष ठेवायला बसवलेली चालक मोबाइलकडे बघत होती. बाई वाचली नाही. आता सांगा, आपल्याकडे किती जण क्रॉसिंगवरूनच रस्ता ओलांडतात?

समजा, हा दोषही काढून टाकला. तरी एक अडचण उरते. ताशी ३० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त जाते. दोन सेकंदांचं सुरक्षित अंतर ठेवायचं तर पुढे जवळजवळ १७ मीटर मोकळे हवेत. आपल्या रस्त्यावर १७ मीटर म्हणजे आमंत्रणच! एक स्कूटी त्यात घुसते. गाडी नियमाप्रमाणे वेग कमी करून पुन्हा अंतर तयार करते. त्यात दुसरी बाइक येते. गाडी आणखी हळू होते आणि शेवटी उभीच राहते. मागचे हॉर्न वाजवतात, पण तिच्या हिशेबाने पुढे जाणं कधीच सुरक्षित नसतं.

अशा वेळी तुम्ही काय करता? गाडीचं नाक थोडं पुढे काढता, समोरच्याच्या डोळ्यांत बघता, काच खाली करून हात दाखवता. तो थांबतो किंवा तुम्ही थांबता. क्षणभराची ही बोलणी कुठल्याही नियमात लिहिलेली नाहीत. डिव्हायडरजवळ बसलेली गाय रवंथ करतेय की मागचे पाय सावरून उठतेय, हेही आपण नजरेनेच ओळखतो. गाडीला तीच गाय निव्वळ अडथळा वाटते, किंवा कधीही चालायला लागेल असा धोका. पहिलं मानलं तर ती बेफिकीर जाते आणि दुसरं मानलं तर तिथेच अडकते.

म्हणूनच नागपुरात निवडलेला मार्ग मला शहाणपणाचा वाटतो. २०२१ साली तिथे महापालिका, इंटेल आणि हैदराबादची ट्रिपल आयटी यांनी इतर संस्थांसह 'आयरास्ते' प्रकल्प सुरू केला. शहर बसमध्ये कॅमेऱ्याची यंत्रणा बसवली. समोर पादचारी आला किंवा पुढच्या वाहनाशी अंतर फार कमी झालं, की ती चालकाला सावध करते. स्टिअरिंग मात्र चालकाच्याच हातात असतं. यंत्र न थकता बघतं आणि समोरच्याचं मन माणूस वाचतो.

घरात नवी गाडी घ्यायची असेल तर शोरूममध्ये 'एडास'बद्दल ऐकालच. पुढच्या गाडीमागे आपोआप चालण्याची सोय हायवेवर कामाची आहे, पण बाजाराच्या रस्त्यावर ती बंद ठेवा. आपोआप ब्रेक लागण्याची सोय चालू राहू द्या, पण तिच्या भरवशावर राहू नका. स्कूटी अचानक आडवी आली तर ब्रेक जोरात लागेल आणि मागची बाइक तुमच्यावर येईल. कॅमेऱ्यासमोरची काच धुळीने माखली असेल तर कदाचित ब्रेक लागणारही नाही. पाय ब्रेकजवळ आणि नजर रस्त्यावर, हे काम अजून तुमचंच आहे.