मागील पानावरून पुढे

बँकेत हाताने खातेवह्या लिहीत होतो तेव्हा प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील पानावरून पुढे’ असे लिहून तीच रक्कम मांडावी लागे. आकडा तोच, पण खाली काय नोंदले जाई त्यावर त्याचे मोल ठरे. व्हिलानेल हा युरोपातला काव्यप्रकार मला याच वाटेने उमगला.

ही कविता १९ ओळींची असते. तीन ओळींची पाच कडवी आणि शेवटी चार ओळींचे एक. पहिली ओळ दुसऱ्या आणि चौथ्या कडव्याच्या अखेरीस परतते, तर तिसरी ओळ तिसऱ्या आणि पाचव्या कडव्याच्या. अगदी शेवटी या दोघी प्रथमच लागोपाठ येतात. आपले कीर्तनातले ध्रुवपदही परतते, पण ते एकच असते आणि त्याला टाळ-मृदंगाची साथ असते. इथे कागदावर दोन ओळी आळीपाळीने मनाला गाठतात. दोन ओळी पुढे गेलो की तिसरी मागे ओढते. वेड लागते ते यामुळे. शोकात माणसाचे असेच होते ना?

वडील गेल्यावर मी कोपरगावच्या घाटावर बसून असा प्रयत्न केला. आधी निवडलेली ओळ होती, ‘मरण कुणाला चुकले नाही.’ ती दुसऱ्याच फेरीला सुविचारासारखी वाजू लागली. तिचा अर्थ आधीच संपलेला होता, मग ती वळणार कुठे? ती खोडली आणि साध्या दोन ओळी घेतल्या: ‘पायरीला पाणी आले’ आणि ‘येतो, एवढेच बाबा म्हणाले.’

नाशिकला तपासणीला निघताना ते खरोखर तेवढेच म्हणाले होते. पहिल्या कडव्यात तो साधा निरोप आहे. आपल्याकडे ‘जातो’ कुणी म्हणत नाही. तिसऱ्यात जेवणाचे ताट झाकून ठेवले आहे, तेव्हा ‘येतो’ हे वचन होते. पाचव्यात रिकामी खाट आहे, आणि ‘एवढेच’ या शब्दावर सारा भार येतो: आणखी काही का बोलले नाहीत? गोदेचे पाणीही आधी नुसती बातमी असते, मग भीती. शेवटी दोन्ही ओळी शेजारी आल्या, आणि मला न सुचलेली गोष्ट दिसली. पाणी दर पावसाळ्यात परत येते.

म्हणून माझे मत असे, की परतणारी ओळ जितकी घरगुती, तितकी ती वळते. डिलन थॉमसने १९५१ मध्ये छापलेल्या व्हिलानेलमध्ये पहिल्याच ओळीतली आज्ञा पुढे शहाण्या माणसांचे साधे वर्णन होते आणि शेवटी वडिलांपुढची विनवणी. शब्द तेच, वाक्याचा कर्ता तेवढा बदलतो.

एक धोका मात्र आहे. ‘आले, झाले, निघाले’ अशी यमके मराठीत पैशाला पासरी मिळतात, आणि मधल्या ओळी नुसती भरताड होतात. ओळखायची खूण सोपी आहे. परतणारी ओळ झाकून वरच्या दोन वाचाव्यात. त्यांत नवी नोंद नसेल, तर आकडा पुढे नेऊन उपयोग नाही.

माझ्या कवितेतले चौथे कडवे अजून तसेच आहे.