एकच उपाय, पण कोणासाठी? : काविळीची साथ आणि प्रतिबंधाच्या तीन पायऱ्या

समुदाय आरोग्य अधिकारी पदाच्या परीक्षेस बसणारे काही तरुण वैद्य मध्यंतरी आमच्याकडे आले होते. प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक प्रतिबंधाच्या जोड्या त्यांना मुखोद्गत होत्या. लसीकरण म्हणजे प्राथमिक, थुंकीची तपासणी म्हणजे द्वितीयक, कृत्रिम पाय म्हणजे तृतीयक. आम्ही त्यांना एवढेच विचारले, की थुंकीत जंतू सापडलेल्या क्षयरुग्णास औषध सुरू केले, तर हा प्रतिबंध कोणत्या पायरीवरचा? सर्वांनी एकमुखाने ‘द्वितीयक’ असे उत्तर दिले. मग त्या रुग्णाच्या घरातील निरोगी नातवाच्या दृष्टीने तोच उपाय कोणता, असे विचारताच सारे थबकले. त्या नातवासाठी तो प्राथमिक प्रतिबंध आहे, कारण त्याच्यापर्यंत जंतू पोहोचण्याची वाटच त्या औषधाने बंद होते.

आमचे म्हणणे याच ठिकाणी सुरू होते. प्रतिबंधाची पायरी ही उपायाच्या अंगी चिकटलेली नसते. उपाय कोणासाठी आहे आणि ती व्यक्ती रोगाच्या वाटचालीत कोठे उभी आहे, यावरून पायरी ठरते. जोड्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास गुण मिळतात. परंतु गावात साथ आली, की नेमके कोठे उभे राहावे हे त्यास उमगत नाही. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊन हे पाहू.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ती ‘ई’ प्रकारच्या यकृतशोथाची होती आणि तिचे मूळ दूषित पाण्यात होते. पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न त्या वेळी ऐरणीवर आला. हा विषाणू रुग्णाच्या मलातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. चरकाचार्यांनी जनपदोद्ध्वंसाच्या कारणांत वायू, देश आणि काल यांच्याबरोबर उदकाचीही गणना केली आहे, हे येथे आठवावे. एकाच वेळी भिन्न प्रकृतीची माणसे एकाच व्याधीने पडतात, तेव्हा सर्वांना समान असलेल्या गोष्टीकडे पाहिले पाहिजे, हाच त्या अध्यायाचा रोख आहे.

अशा साथीत प्राथमिक प्रतिबंध म्हणजे ‘पाणी शुद्ध करणे’, एवढे लिहून उत्तरपत्रिका भरते. गावाचे काम भागत नाही. समजा, ४ मीटर व्यासाची विहीर आहे आणि तीत ५ मीटर पाणी आहे. व्यासाचा वर्ग १६, त्यास खोलीने आणि ३.१४ ने गुणून ४ ने भागले, की ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर पाणी होते. दर हजार लिटरला अडीच ग्रॅम टीसीएल पावडर या ढोबळ हिशेबाने सुमारे १५७ ग्रॅम पुरते. जलसुरक्षक हाच आकडा दरवेळी वापरतो. परंतु उन्हाळ्यात तळ गाठलेल्या, सेंद्रिय मळ असलेल्या पाण्यात क्लोरीन आधी त्या मळावरच खर्ची पडतो. हा खर्च किती, ते हॉरॉक्सच्या उपकरणाने कळते. त्यात निळा रंग पहिल्यांदा ज्या क्रमांकाच्या पेल्यात दिसेल, त्याच्या दुप्पट ग्रॅम पावडर ४५५ लिटर पाण्यास लागते. तिसऱ्या पेल्यात रंग आला, तर ४५५ लिटरला ६ ग्रॅम. आपल्या विहिरीस सुमारे ८२८ ग्रॅम. म्हणजे ठरावीक मात्रेच्या पाचपटीहून अधिक! १५७ ग्रॅम टाकणाऱ्याने काम केले, नोंदवहीत सहीही केली. विषाणू मात्र तसाच राहिला. शिवाय पावडर ओलसर, जुनी किंवा उघडी राहिलेली असेल, तर तिच्यातील क्लोरीन आधीच उडून गेलेला असतो.

म्हणून कसोटी टाकलेल्या पावडरची नव्हे, उरलेल्या क्लोरीनची हवी. ओटी टेस्टमध्ये पहिल्या दहा सेकंदांत दिसणारा पिवळा रंग मुक्त क्लोरीनचा असतो. नंतर काही मिनिटांनी गडद होत जाणारा रंग संयुक्त क्लोरीनचा, आणि त्याचे बळ पुष्कळ कमी. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेथे किमान ०.५. हा दुसरा आकडा काविळीच्या साथीत लक्षात ठेवायचा. नळाच्या गावी नमुना टाकीजवळचा नव्हे, तर वस्तीच्या शेवटच्या नळाचा घ्यावा. टाकीपाशी रंग येतो आणि शेवटच्या नळाला येत नाही, तेव्हा बहुधा मधे गटारातून जाणारी नळी फुटलेली असते. पाणी बंद झाल्यावर रिकाम्या नळीत गटाराचे पाणी ओढले जाते. तेथे टाकीत पावडर वाढवून उपयोग नाही. नळीच बदलली पाहिजे, आणि तोवर घरोघर पाणी खळखळ उकळून प्यावे, हेच सांगितले पाहिजे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावी. या रोगाचा अधिशयन काळ दोन ते दहा आठवड्यांचा, सरासरीने पाच ते सहा आठवड्यांचा आहे. आज ज्याचे डोळे पिवळे दिसतात, त्याने ते पाणी महिन्याभरापूर्वी प्यालेले असते. आज शुद्धीकरण चोख केले, तरी पुढील कित्येक आठवडे नवे रुग्ण येतच राहतात. मग ग्रामसभेत ‘पावडरीने काही झाले नाही’ असा सूर निघतो आणि काम ढिले पडते. वैद्याने हे आधीच सांगून ठेवावे. दहा आठवडे उलटूनही नवे रुग्ण येत असतील, तर मात्र दूषणाची वाट कोठेतरी उघडीच आहे असे समजावे.

प्राथमिक प्रतिबंधाविषयी एक गैरसमज आपल्या बाह्यरुग्ण कक्षातही आढळतो. ‘काविळीची लस घेतली आहे, आता भीती नाही’ असे रुग्ण सांगतात. ती लस बहुधा ‘बी’ प्रकारच्या यकृतशोथाची असते. रक्तावाटे पसरणाऱ्या त्या रोगासाठी ती प्राथमिक प्रतिबंध आहेच. पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ प्रकारासाठी तिचा काडीचाही उपयोग नाही.

आता दुसरी पायरी. रोगाचा लवकर शोध आणि त्वरित उपचार, ही तिची व्याख्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु ‘ई’ प्रकारच्या काविळीत विषाणूवर नेहमीच्या वापरातले विशिष्ट औषध नाही आणि बहुतेक निरोगी प्रौढ काही आठवड्यांत आपोआप बरे होतात. म्हणून सरसकट सर्वांचे रक्त तपासून फारसे काही पदरात पडत नाही. हा शोध ज्यांच्या जिवावर बेतते त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांत प्रथम येते ती गर्भवती. सातव्या महिन्यापुढील गर्भवतीत या रोगाने शंभरात २० ते २५ पर्यंत मृत्यू होऊ शकतात. म्हणून साथीच्या गावी आशा कार्यकर्तीने आधी गर्भवतींची यादी हाती घ्यावी. ज्वर, अरुची, ओकाऱ्या, गडद लघवी यांपैकी काहीही असलेल्या गर्भवतीची डोळे पिवळे होण्याची वाट न पाहता तपासणी करावी. बिलिरुबिनबरोबर रक्त गोठण्याचा काळही पाहावा, कारण यकृत हरू लागल्याची वर्दी तो आधी देतो. झोपेची वेळ उलटी होणे, असंबद्ध बोलणे, पुढे धरलेले हात पंख्यासारखे फडफडणे, हिरड्यांतून रक्त येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर ती घरी ठेवण्याची रुग्णा नव्हे.

आपल्या शास्त्रावरील निष्ठेपोटीच आम्ही हे स्पष्ट लिहीत आहोत. कामलेत विरेचन हा शास्त्रोक्त मार्ग आहे. पण सततच्या ओकाऱ्यांनी क्षीण झालेल्या गर्भवतीस रेचक देणे शास्त्रासही मान्य नाही. काही ठिकाणी काविळीची माळ घालतात, तर काही ठिकाणी नाकात देवडांगरीचे थेंब टाकून पिवळे पाणी काढतात. ते पाणी नाकाच्या आतल्या दाहाने येते. यकृतात त्याने काही बदलत नाही. बहुतेक रुग्ण आपोआप बरे होणारेच असल्याने त्या माळेला यश मिळते. वाया जातात ते दिवस ज्या रुग्णेपाशी दिवस उरलेले नसतात तिचे.

तिसरी पायरी म्हणजे व्यंग मर्यादित ठेवणे आणि पुनर्वसन. यकृत निकामी होऊ लागलेल्या रुग्णेची अतिदक्षता विभागातील शुश्रूषा या पायरीत मोडेल. त्यापलीकडे या रोगात ही पायरी जवळपास रिकामी आहे, कारण बरा झालेला माणूस सहसा पूर्ण बरा होतो. प्रत्येक रोगास तिन्ही पायऱ्यांचे सारखे उदाहरण असलेच पाहिजे, हा प्रश्नपत्रिकेचा आग्रह आहे, निसर्गाचा नव्हे. तिसऱ्या पायरीचे खरे उदाहरण कुष्ठरोगात पाहावे. बहुविध औषधोपचाराने जंतू नष्ट झाले, तरी बधिर झालेला तळवा बधिरच राहतो. त्याला खडा टोचल्याचे कळत नाही, व्रण होतो, हाडापर्यंत जातो. मऊ रबरी तळाच्या एमसीआर चपला आणि रोज संध्याकाळी पायाची पाहणी हा तेथील तृतीयक प्रतिबंध. शेंडा पार्कातील कुष्ठधाम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

स्वस्थवृत्ताचे काही अध्यापक सुश्रुतोक्त षट्क्रियाकालांची सांगड या पायऱ्यांशी घालतात. संचय, प्रकोप, प्रसर ही प्राथमिक. स्थानसंश्रय व व्यक्ती ही द्वितीयक. भेद ही तृतीयक. विचार स्तुत्य आहे, पण त्यात एक फट राहते. क्रियाकाल दोषसंचयापासून, म्हणजे एका पुरुषाच्या शरीरात सुरू होतात. शेवटच्या नळाचे पाणी त्याच्या शरीराबाहेर आणि संचयाच्याही आधी आहे. त्याची जागा निदानपरिवर्जनात आणि जनपदोद्ध्वंसाच्या विचारात आहे. ही भर घातल्याखेरीज सांगड पुरी होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी, की ‘क्लोरिनेशन हे कोणत्या प्रतिबंधाचे उदाहरण?’ असा प्रश्न विचारणे थांबवावे. त्याऐवजी गाव द्यावे, विहीर द्यावी, आठव्या महिन्याची गर्भवती द्यावी, आणि विचारावे : आज प्रथम कोणते काम कराल, ते कोणासाठी, आणि त्याचा गुण किती आठवड्यांनी दिसेल? आयुष्मान आरोग्य मंदिरांत आज अनेक बीएएमएस पदवीधर काम करीत आहेत. पंचगंगेकाठच्या गावात त्यांच्यासमोर प्रश्न येतो तो याच स्वरूपात, आणि तेथे चार पर्याय छापलेले नसतात.