बीपच्या आधीचे २० सेकंद

आपल्याकडे मोबाईल उचलला नाही की रिंग वाजून बंद होते, फार तर मिस्ड कॉल दिसतो. अमेरिका, कॅनडा, इंग्लंडमध्ये तसे नसते. तिथे काही रिंग झाल्या की फोन कंपनीची यंत्रणा फोन घेते, एक निवेदन ऐकवते, मग ‘बीप’ असा आवाज होतो आणि त्यानंतर आपण बोलू ते साठवले जाते. याला व्हॉइसमेल म्हणतात. आपल्या अनेक घरांतली मुले-मुली आता त्या देशांत आहेत. त्यामुळे बीपच्या आधी काय ऐकू येते हा प्रश्न त्यांचा आहे, तसाच इथून फोन लावणाऱ्या आई-वडिलांचाही आहे.

आमच्या शेजारची एक मुलगी लग्नानंतर न्यू जर्सीला गेली. तिचे नाव इथे सफिया काझी असे धरू. ती घरी मुलांना गणित शिकवते. घरासाठी आणि कामासाठी मोबाईल एकच. तिला फोन करणारे चार प्रकारचे लोक आहेत : शिकवणीच्या मुलांचे पालक, तिच्या स्वतःच्या मुलाची शाळा, डॉक्टरांचा दवाखाना आणि कोकणातून तिची अम्मी. अम्मी एरवी व्हॉट्सॲपवर बोलतात, पण गावात नेट गेले की साधा फोन लावतात.

पहिले वर्षभर तिच्या फोनवर कंपनीचे तयार निवेदन होते. एक अनोळखी बाई इंग्रजीत फक्त नंबर वाचून दाखवायची. अम्मींना वाटायचे, फोन भलतीकडेच लागला, आणि त्या ठेवून द्यायच्या. व्हॉइसमेलने फोन घेतला की तो ‘उचलला’ असेच धरले जाते आणि परदेशी फोनचे पैसे तिथूनच कापायला सुरुवात होते. म्हणजे अम्मींचे बॅलन्सही जायचे आणि निरोपही पोचायचा नाही. दवाखान्याचीही तीच अडचण. नाव ऐकू आले नाही तर हा नंबर त्याच रुग्णाचा आहे की नाही हे तिथल्या बाईंना कळत नाही. तपासणीचा विषय खासगी, तो अनोळखी फोनवर कसा बोलायचा? मग त्या ‘परत फोन करा’ एवढेच सांगून ठेवतात, किंवा तेही नाही.

मग सफियाने स्वतःच्या आवाजात निवेदन केले, पण ते ४० सेकंदांचे झाले. त्यात आपला फोन फार महत्त्वाचा आहे, मी आत्ता मुलांना शिकवत असेन किंवा बाहेर गेले असेन, माफ करा, शिकवणीचे दिवस अमुक, फी तमुक, आणि शेवटी ‘लवकरात लवकर फोन करीन’. बोलणे गोड होते, पण बीप येईपर्यंत पालक कंटाळायचे आणि अम्मींचे पैसे वाढायचे.

सुट्टीत ती गावी आली तेव्हा तो मजकूर आम्ही कागदावर उतरवला आणि चारही लोकांना नेमके काय हवे असते ते बाजूला लिहिले. तीनच गोष्टी निघाल्या. फोन योग्य माणसाकडे लागला आहे का? आता मी काय करायचे? उत्तर कधी मिळेल? या तिन्हींपैकी कशाचेच उत्तर न देणारे प्रत्येक वाक्य आम्ही खोडले. फोन का घेता आला नाही हे सांगण्याचीही गरज उरली नाही. फीची चौकशी करणाऱ्याला ती फोनवरच सांगता येते.

उरलेला मजकूर असा :

‘हॅलो, यू हॅव रीच्ड सफिया काझी. प्लीज लीव्ह युवर नेम, नंबर अँड अ शॉर्ट मेसेज. आय रिटर्न कॉल्स बिटवीन फाईव्ह अँड सेव्हन ऑन वीकडेज. थँक यू. अस्सलामु अलैकुम. मी सफिया. आत्ता फोन घेता आला नाही. आवाज झाल्यावर बोला, मी फोन करते.’

सावकाश बोलताना एका सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. हे सगळे ४० शब्दांच्या आसपास, म्हणजे २० सेकंदांत बसते. कोणत्याही भाषेत मजकूर लिहून शब्द मोजले की रेकॉर्ड करण्याआधीच लांबीचा अंदाज येतो.

सलाम आधी का नाही, असे तिच्या अम्मींनी विचारले. प्रश्न रास्त होता. आपल्या घरात बोलणे सलामानेच सुरू होते. पण शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या माणसाला पहिल्या दोन-तीन सेकंदांतच नाव ऐकू यायला हवे. पहिलेच शब्द अनोळखी भाषेतले आले तर नंबर चुकला असे समजून तो फोन ठेवतो, अगदी अम्मी ठेवायच्या तसाच. अम्मींचे मात्र तसे होत नाही. इंग्रजी वाक्ये कळली नाहीत तरी आवाज लेकीचा आहे हे पहिल्या शब्दालाच कळते, त्यामुळे त्या थांबतात, आणि सलाम आला की पुढचे सगळे त्यांच्याच भाषेत. म्हणून नाव आधी, सलाम घरच्या वाक्यांच्या सुरुवातीला. जिला फक्त घरचेच फोन येतात तिने खुशाल सलामाने सुरुवात करावी.

काही जण निवेदनात एखादी आयत किंवा नात लावतात. भावना चांगली असते, पण ऐकणारा घाईत असतो आणि मध्येच फोन ठेवतो. आयत अर्ध्यावर तुटते. तिचा अदब राखायचा तर ती इथे नसलेलीच बरी.

‘लवकरात लवकर’ काढून पाच ते सात ही वेळ घातली, कारण तेवढा वेळ ती खरोखर पाळू शकते. पालकाला वेळ कळली की तो दिवसभरात चार-चार वेळा फोन करीत नाही. मात्र जी वेळ पाळता येणार नाही ती सांगू नये. त्यापेक्षा ‘त्याच दिवशी’ किंवा ‘दुसऱ्या दिवशी’ म्हणावे.

निवेदन कोणीही ऐकू शकतो. म्हणून ‘आम्ही रविवारपर्यंत गावाला गेलो आहोत’ किंवा ‘मी दुपारी घरी एकटीच असते’ अशी वाक्ये त्यात नकोत. घराचा पत्ता आणि मुलांची नावेही नकोत. पूर्ण नाव द्यायचे नसेल तर आडनाव किंवा शिकवणीचे नाव पुरते. फोन करणाऱ्याची खात्री पटली म्हणजे झाले.

आता आवाजाकडे येऊ. साधा टेलिफोन माणसाच्या आवाजातला ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे नेतो आणि व्हॉइसमेल अनेकदा याच दर्जाचा असतो. ‘स’ आणि ‘फ’ यांच्यातली जी बारीक शिट्टीसारखी सळसळ आपण कानाने ओळखतो ती बरीचशी या पट्ट्याच्या वर असते, म्हणून फोनवर ती गळून पडते. त्यामुळे ‘सफिया’चे ‘शफिया’ होते, ‘सना’ आणि ‘फना’ एकसारखे ऐकू येतात. मोठ्याने बोलून हे सुटत नाही. नावाआधी किंचित थांबावे, नाव सावकाश म्हणावे, आणि नावानंतर पुन्हा अर्धा सेकंद थांबावे. आजूबाजूला शांतता असली की ऐकणाऱ्याच्या कानात नाव ठसते.

रेकॉर्डिंगसाठी स्वयंपाकघर नको. फरशी, ओटा आणि भांडी आवाज परत फेकतात, तो घुमतो. गाद्या, पडदे आणि कपड्यांचे कपाट असलेली खोली चांगली. पंखा बंद करावा. फोन तोंडापासून वीतभर दूर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘ब’ म्हणताना श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. उभे राहून बोलले की श्वास पुरतो. बटण दाबल्याबरोबर बोलू नये. एक क्षण थांबले नाही तर पहिले अक्षर कापले जाण्याचा संभव असतो.

आयफोनवर साधारण क्रम असा : Phone उघडून Voicemail मध्ये जावे, तिथे Greeting दाबावे, Custom निवडावे, मग Record. बोलून झाले की थांबवून Play ने ऐकावे आणि पसंत पडले तर Save दाबावे. Save राहिले तर जुनेच निवेदन चालू राहते. इतर बहुतेक फोनांवर 1 हे बटण दाबून धरले की व्हॉइसमेलला फोन लागतो आणि पुढच्या सूचना तिथेच ऐकू येतात. ही सोय ज्या त्या फोन कंपनीने दिलेली असते, म्हणून परदेशात सिम बदलले की निवेदन पुन्हा करावे लागते.

Play ने ऐकणे ही पूर्ण परीक्षा नव्हे. तिथे आवाज आपल्याच फोनमधून येतो आणि मजकूर आपल्याला पाठ असतो. वर्गात आम्ही श्रुतलेखन घेतो, तेच इथे उपयोगी पडते. घराबाहेरच्या एखाद्या माणसाला दुसऱ्या फोनवरून कॉल करायला सांगावे आणि आपण तो उचलू नये. निवेदन एकदाच ऐकून त्याने नाव आणि परत फोन येण्याची वेळ कागदावर लिहावी. सफियाच्या एका शेजारणीने नाव ‘शफिया’ लिहिले आणि वेळ बरोबर लिहिली. मग सफियाने फक्त नाव आणखी सावकाश म्हणून सगळे पुन्हा रेकॉर्ड केले. दुसऱ्या शेजारणीने दोन्ही बरोबर लिहिले. घरची परीक्षा अम्मींनी दिली. त्यांनी बीपनंतर सांगितले, ‘तुझ्या मामूला बरे आहे, काळजी करू नकोस.’ फोनवर ठेवलेला त्यांचा तो पहिला निरोप.

रमजानमध्ये शिकवणीच्या वेळा बदलतात, तेव्हा सफिया निवेदनातली वेळ बदलते आणि जुनी वेळ परत घालण्याची आठवण ईदच्या तिसऱ्या दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये लावून ठेवते. ईद होऊन महिना झाला तरी रमजानची वेळ ऐकवणारे निवेदन पालकांना चुकीच्या वेळी वाट पाहायला लावते. त्याच दिवशी ती साठलेले जुने निरोपही पुसते, कारण पेटी भरली की यंत्रणा नवीन निरोप घेत नाही, आणि मग बीपच्या आधीचे २० सेकंद कितीही नीट बोललेले असले तरी अम्मींचा निरोप पोचत नाही.